फोनवरचा होकार

नाशिक, शनिवार

चि. मुक्ता हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

गुरुवारी रात्री मी फोनवर जे बोललो, त्यातले निम्मे बोलायला नको होते आणि उरलेले निम्मे त्या आवाजात बोलायला नको होते. तू फोन ठेवलास ते बरोबरच केलेस. टपालाने हे पत्र वेळेत पोहोचणार नाही, म्हणून लिहून झाल्यावर पानांचे फोटो काढून पाठवीन. अक्षर लागले नाही तर मावशीला विचार, तिला माझे अक्षर चाळीस वर्षांपासून वाचता येते.

पहिली गोष्ट म्हणजे बंगळूरला जाऊ नकोस असे मला म्हणायचे नाही. तुझ्या आईलाही म्हणायचे नाही, तिचा चेहरा काहीही सांगत असला तरी. काम चांगले आहे, माणसे चांगली वाटली असे तू म्हणालीस, आणि तुझ्या परीक्षेवर माझा विश्वास आहे. माझी तक्रार एवढ्यापुरतीच आहे की गुरुवारी संध्याकाळी पावणेसहा वाजता, हिंजवडीच्या बसथांब्यावर, एका कानात बोट घालून उभी असताना तू त्या भरती विभागातल्या मुलीला "हो, चालेल" म्हणालीस. तिने विचारले, "साडेतेरा लाख सीटीसी, सोमवार संध्याकाळपर्यंत कन्फर्म कराल ना?" आणि तू हो म्हणालीस. का म्हणालीस, या माझ्या प्रश्नावर तुझे उत्तर होते, "ती गप्प राहिली बाबा, मग मीच बोलून टाकले." त्या उत्तरामुळे माझा आवाज चढला.

मी एकतीस वर्षे त्या फोनच्या दुसऱ्या टोकाला बसलो होतो, हे तू विसरतेस. सातपूरच्या आमच्या कारखान्यात टाइम ऑफिसमधून मी आस्थापना विभागात आलो आणि निवृत्तीपर्यंत नेमणुकीची पत्रे, वेतनपत्रके आणि मंजुरीचे कागद माझ्याच टेबलावरून गेले. त्यामुळे समोरचा गप्प का राहतो, हे मला ठाऊक आहे. मी स्वतः तसा गप्प राहिलेलो आहे.

एक गोष्ट तुला आजवर सांगितलेली नाही. १९९६ साली आम्हाला मशीन शॉपमध्ये एक पदविकाधारक मुलगा हवा होता. मुलाखतीत तो सगळ्यांना आवडला. साहेबांनी मंजुरीच्या कागदावर ३,४०० रुपयांपर्यंत, असे लिहून दिले आणि तोंडी सांगितले की जमेल तितके खाली मिळवा. मुलाच्या घरी फोन नव्हता, त्याने मामाच्या रेशन दुकानाचा नंबर दिला होता. मी मुद्दाम संध्याकाळी सहाला फोन लावला, कारण तेव्हा दुकानात गर्दी असते. तो फोनवर आला, मागे तराजूचा आणि माणसांचा आवाज येत होता. मी म्हणालो, "२,८०० ठरले आहेत, आज हो-नाही सांगा, उद्या साहेब दौऱ्यावर आहेत." साहेब दौऱ्यावर नव्हते. एवढे बोलून मी गप्प बसलो. पाच-सात सेकंद झाले असतील. मग तो म्हणाला, "हो साहेब, येतो." साहेबांनी माझी पाठ थोपटली. वर्षभराने त्याच खात्यात, त्याच पदविकेवर दुसरा मुलगा ३,३०० वर लागला आणि पगाराच्या दिवशी रजिस्टरवर सही करताना पहिल्याची नजर वरच्या ओळीवर गेली. तो मला काहीही बोलला नाही. सही करून गेला. त्यानंतरच्या चार वर्षांत त्याने मला नमस्कार केल्याचे आठवत नाही, आणि मीही त्याची अपेक्षा केली नाही.

तू थांब्यावर उभी होतीस हे ऐकले तेव्हा मला त्या तराजूचा आवाज आला. कुणावर दोषारोप करण्यासाठी हे लिहीत नाही. ती मुलगी कदाचित दिवसभरात तीस फोन करून थकलेली असेल आणि तिच्या डोक्यात माझ्यासारखा कावा नसेलही. पण तिचा हेतू कसाही असो, बोलण्याची वेळ, जागा आणि घाई या तिन्ही गोष्टी तिने ठरवल्या, आणि त्या तिन्ही एकाच बाजूने ठरल्या की आकड्यावरची चर्चा सुरू होण्याआधीच संपलेली असते.

आता तू पाठवलेल्या तक्त्याकडे वळतो. मी तो वीजबिलाच्या पाठीमागे उतरवून घेतला. साडेतेरा लाखांना बाराने भागून १,१२,५०० हा आकडा तू आईला सांगितलास आणि तिने तो शेजारी सांगितला. (मी सांगितला नाही. खरे म्हणजे एकाच ठिकाणी सांगितला.) पण त्या साडेतेरांत जॉइनिंग बोनसचे १,००,००० आहेत, जे एकदाच मिळतात. बदलत्या वेतनाचे १,५०,००० आहेत, जे वर्षअखेरीस, कामगिरी आणि कंपनीचा नफा पाहून, पूर्ण किंवा अपुरे मिळतात. मूळ वेतन ६,००,००० धरले आहे, त्यावर कंपनीच्या वाट्याचा भविष्यनिर्वाह निधी १२ टक्के म्हणजे ७२,००० आणि उपदानाची म्हणजे ग्रॅच्युइटीची तरतूद ४.८१ टक्के म्हणजे २८,८६० हेही त्यातच मोजले आहेत. हे सगळे वजा केले की वर्षाचे ९,९९,१४० उरतात, महिन्याचे सुमारे ८३,२६०. त्यातून तुझ्या वाट्याचा निधी ६,००० आणि व्यवसाय कर २०० गेला की हातात येतात ७७,००० रुपये. आत्ताच्या तुझ्या ९,६०,००० मध्ये ना बोनस आहे ना बदलते वेतन, त्यामुळे तुझ्या हातात ६८,००० च्या वर पडतात. तू चाळीस टक्के वाढ म्हणालीस. कागदावर ती चाळीसच आहे, महिन्याच्या हिशेबात मात्र तेरा टक्केही नाही. जे वाढतात ते नऊ हजारांच्या आत आहेत. मावशीकडे तू आज भाडे देत नाहीस, बंगळूरला ते द्यावे लागेल आणि त्याआधी घरमालकाला काही महिन्यांची अनामतही द्यावी लागेल.

यात कोणीही फसवलेले नाही, हेही लिहून ठेवतो, कारण माझा सूर तसा लागतो आहे. भविष्यनिर्वाह निधी तुझाच आहे, तो कुठे जात नाही. सीटीसी याचा अर्थ कंपनीला तू किती खर्चात पडतेस एवढाच आहे, तुला किती मिळेल असा त्याचा अर्थ कधीच नव्हता. उपदानाचे मात्र लक्षात ठेव: राजीनामा देऊन जाणाऱ्याला ते पाच वर्षे सलग नोकरी झाल्यावरच मिळते, आणि तुमच्या क्षेत्रात पाच वर्षे एका जागी कोण थांबते? तेव्हा ते २८,८६० बहुतेक कागदावरच राहतील.

हे सगळे तुला थांब्यावर कसे सुचावे? मलाही सुचले नसते. मला वीजबिल, चष्मा आणि पाऊण तास लागला. म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे की आकड्याबद्दल बोलण्याची वेगळी वेळ मागून घे, आणि ती अशी मागून घे की त्या मुलीला ती नकाराची पूर्वसूचना वाटणार नाही आणि तुला उपकार मागितल्यासारखे वाटणार नाही. तोंडी हो म्हणून झाले, आता कसे मागे घेऊ, असे तू म्हणालीस. मागे घ्यायचे नाहीच. अजून नेमणुकीचे पत्र आलेले नाही आणि तू कशावरही सही केलेली नाही. तुझे "हो" हे काम करायची इच्छा आहे, या अर्थाचे होते, आणि तसेच ते मेलमध्ये लिहायचे.

मेल आज रात्री किंवा उद्या पाठवू नकोस. रविवारी रात्री आलेला मेल वाचणाऱ्याला लगेच कळते की या माणसाला झोप लागलेली नाही. सोमवारी सकाळी साडेनऊला पोहोचेल असा लावून ठेव, ती सोय असते असे तूच मला शिकवले होतेस. मुदत सोमवार संध्याकाळची आहे, त्यामुळे मुदतीच्या आत तुझे लेखी काहीतरी त्यांच्याकडे असेल. मुदत संपल्यावर वेळ मागणे आणि मुदतीच्या आत मागणे यांत फार फरक पडतो. पहिली टाळाटाळ ठरते.

तू इंग्रजीत लिहिशील, माझा मसुदा मराठीत आहे, भाषांतर तुझे तू कर:

"गुरुवारी आपण दूरध्वनीवर कळवलेल्या प्रस्तावाबद्दल आभारी आहे. हे काम करण्याची माझी इच्छा आहे. वेतनाचा तपशील नीट समजून घेऊन बोलता यावे यासाठी पंचवीस मिनिटांची एक वेळ ठरवावी, अशी विनंती आहे. मंगळवारी सकाळी ११ ते १२, मंगळवारी दुपारी ४ ते ५ किंवा बुधवारी सकाळी ११ ते १२ यांपैकी आपल्या सोयीची कोणतीही वेळ मला चालेल. यांतली एकही सोयीची नसल्यास आपण सुचवावी. मला तीन गोष्टींबद्दल बोलायचे आहे: निश्चित आणि बदलत्या वेतनाची विभागणी, जॉइनिंग बोनसच्या अटी आणि रुजू होण्याची तारीख. बदलते वेतन कशावर ठरते, हे संभाषणापूर्वी लेखी मिळाल्यास दोघांचाही वेळ वाचेल. माझा निर्णय मी शुक्रवारी संध्याकाळपर्यंत लेखी कळवीन, त्यामुळे सोमवारची मुदत तोवर वाढवावी."

यात काय नाही, ते पाहा. आकडा नाही. आकडा मेलमध्ये गेला की संभाषणाची गरजच उरत नाही, समोरून एका ओळीत "शक्य नाही" एवढे उत्तर येते आणि पुढे बोलायला जागा राहत नाही. नाराजी नाही, दुसऱ्या कंपनीचा उल्लेख नाही, आणि "त्रास देत असल्याबद्दल क्षमस्व" हे तुझे आवडते वाक्यही नाही. ते वाक्य तू खरोखर काढ. शाळेत फळा पुसायचा राहिला तरी तू बाईंना क्षमस्व म्हणायचीस, आणि मला त्याचा अभिमान वाटायचा, पण वेतनाविषयी विचारणे म्हणजे पुसायचा राहिलेला फळा नाही.

तीन वेळा का द्यायच्या, हेही सांगतो. एकच वेळ दिली तर तो हुकूम वाटतो. "केव्हाही फोन करा" म्हटले तर पुन्हा थांब्यावरच फोन येणार. तीन दिल्या म्हणजे निवड त्यांची राहते, आणि तिन्ही जागा तुझ्या. मंगळवार-बुधवार तू घरून काम करतेस, म्हणून तेच दिवस घेतले. कार्यालयातल्या काचेच्या खोलीत बसून दुसऱ्या नोकरीच्या पगाराविषयी बोलू नकोस, तुझी नजर सारखी दारावर राहील आणि त्या काळजीने तू लवकर हो म्हणशील. सकाळी अकरा मला चांगले वाटतात, कारण तोवर दोन्हीकडची सकाळची घाई संपलेली असते आणि जेवणाची वेळ झालेली नसते. शुक्रवारची संध्याकाळ टाळ. त्या वेळी दोघांनाही सुटायचे असते आणि सुटायच्या घाईत जो आकडा समोर असतो तोच कायम होतो. महिन्याचा शेवटचा दिवसही तसाच. आमच्याकडे तरी महिनाअखेरीस किती जागा भरल्या याची मोजणी व्हायची आणि त्या दिवशी मी ज्या आवाजात फोन करायचो, तो आठवला की आजही बरे वाटत नाही.

पंचवीस मिनिटे आणि तीन विषय आधी कळवण्याचे खरे कारण वेगळे आहे आणि ते बाहेरच्या माणसाला सहसा माहीत नसते. जी मुलगी तुला फोन करते, तिच्या हातात आकडा बदलणे नसते. त्या पदाचा वेतनगट ठरलेला असतो, त्याच्या वरच्या टोकाकडे जायचे तर तिला खातेप्रमुखाकडून आणि वेतन पाहणाऱ्या माणसाकडून मंजुरी आणावी लागते. अचानक फोनवर तू तिला विचारलेस, "बदलते वेतन कमी करून निश्चित वाढवता येईल का?" तर ती नाही म्हणेल, कारण मंजुरीशिवाय देता येईल असे ते एकच उत्तर तिच्याजवळ असते. आणि एकदा नाही म्हटले की तिलाही ते निभवावे लागते. विषय आधी कळले तर ती मंगळवारपूर्वी कोणाला तरी विचारून येऊ शकते. म्हणजे ठरवून घेतलेली वेळ जितकी तुला मोकळीक देते, तितकीच तिलाही देते. माझ्या टेबलावर असे आधी लिहून कळवणारे फार थोडे आले. त्यांच्यासाठी मी साहेबांच्या खोलीत जाऊन आलेलो आहे. जे फोनवर रागावले त्यांच्यासाठी गेलो नाही, आणि जे लगेच हो म्हणाले त्यांच्यासाठी जायची गरजच पडली नाही.

हे पुन्हा तिथेच आले. या पत्रात ते वाक्य पुन्हा येऊ देणार नाही असे ठरवले होते.

तुला आठवते की नाही ठाऊक नाही, पण तू चौथीत असताना आपण शालिमारजवळच्या दुकानात तुझी सायकल घ्यायला गेलो होतो. जांभळी, पुढे टोपली असलेली. तुझी आई स्टँड तपासत होती, तो एका बाजूला वाकलेला होता, आणि ती बदलून द्या असे म्हणणार इतक्यात दुकानदाराने तुझ्याकडे पाहून विचारले, "घेणार ना ताई?" तू हो म्हणालीस. त्याने लगेच पावतीपुस्तक उघडले. तो स्टँड आपण पुढे ऐंशी रुपये देऊन बदलला आणि तोवर सायकल जिन्याच्या भिंतीला टेकवून ठेवायची पद्धत पडली. भिंतीवरचा तो जांभळा ओरखडा तात्यांनी मागच्या दिवाळीत रंग देऊ म्हटले तेव्हाही मी पुसू दिला नाही. आता हे मी काय सिद्ध करण्यासाठी लिहिले, ते मलाच सांगता येत नाही. नऊ वर्षांच्या मुलीला सायकल हवी होती, तिने हो म्हटले, यात वावगे काहीच नव्हते.

मंगळवारच्या बोलण्यात काय मागायचे ते तू ठरव. मी फक्त माझा हिशेब सांगतो. एकूण रक्कम वाढवा असे म्हणण्याऐवजी, जॉइनिंग बोनसचे एक लाख निश्चित वेतनात घाला, असे म्हणता येते. पहिल्या वर्षी कंपनीचा खर्च तेवढाच राहतो, तुला मात्र महिन्याला आठ हजारांच्या आसपास जास्त मिळतात आणि ते दुसऱ्या वर्षीही चालू राहतात. कंपनीला नेमके हे दुसरे वर्षच नको असते, म्हणून ते सहज मान्य होईल असे समजू नकोस. बोनसच ठेवायचा असेल तर परतफेडीची अट वाचून घे: साधारणपणे वर्षाच्या आत नोकरी सोडल्यास तो परत मागतात, आणि काही ठिकाणी कर कापून हातात आलेली रक्कम नव्हे, तर पूर्ण रक्कम परत मागतात. बदलत्या वेतनाबद्दल एकच प्रश्न विचार, की गेल्या वर्षी या खात्यात सरासरी किती टक्के दिले गेले. टक्के सांगितले तर उत्तम. "बहुतेकांना पूर्ण मिळते" असे उत्तर आले तर ती रक्कम हिशेबात निम्मी धर.

आणखी एक बारीक गोष्ट, कारण ती कोणी सांगत नाही. नव्या करपद्धतीत सध्या पगारदाराला पावणेतेरा लाखांपर्यंत आयकर लागत नाही. बोनस आणि पूर्ण बदलते वेतन धरून तुझी करपात्र बाजू पहिल्या वर्षी साडेबारा लाखांच्या जरा खाली येते, म्हणजे रेषेपर्यंत जेमतेम पंचवीस हजारांची जागा आहे. ती रेषा ओलांडली की वरचे पहिले सत्तर हजार जवळजवळ सगळेच्या सगळे करात जातात. तेव्हा जिवाचा आटापिटा करून तीस-चाळीस हजार वाढवून घेण्यापेक्षा विभागणी बदलून घेणे शहाणपणाचे आहे. मागायचेच असेल तर त्या पट्ट्याच्या पलीकडचे माग.

सोमवारी मेल मिळाल्याबरोबर तिचा फोन येण्याचा संभव आहे. मी असतो तर मी केला असता. तेव्हा एवढेच म्हण: "मी आत्ता निवांत बोलण्याच्या ठिकाणी नाही, मंगळवारी अकरा वाजता बोलू का?" आणि तिने काहीही उत्तर दिले तरी पुढे आकड्याविषयी बोलू नकोस. ती गप्प राहील. तुला ती शांतता भरून काढावीशी वाटेल. भरू नकोस. मनात वीस अंक मोज, किंवा मावशीच्या गॅलरीतल्या कुंड्या मोज. संभाषणातही प्रश्न विचारून झाल्यावर हेच कर. तिला विचार करायला जे दहा सेकंद लागतात ते तिचे आहेत, ते तू "चालेल चालेल, जमत नसेल तर राहू द्या" म्हणून तिच्याकडून काढून घेऊ नकोस. (हे वाक्य तू घर भाड्याने बघतानाही म्हणाली होतीस, मावशीने मला सांगितले.) आणि संभाषण चांगले झाले तरी त्याच वेळी हो म्हणू नकोस. "जे ठरले ते लेखी पाठवा, शुक्रवारपर्यंत कळवते" एवढे म्हणून आभार मान.

मी तुला सगळे सुरळीत होईल असे सांगणार नाही. ते मुदत वाढवून देणार नाहीत, असेही होऊ शकते. खरी मुदत आणि दाखवायची मुदत ओळखण्याची माझी एकच खूण आहे: खऱ्या मुदतीला तारीख असते, कारण असते आणि ती लिहून मिळते. आमच्याकडे कधी कधी खरोखर दुसरा उमेदवार वाट पाहत असे आणि त्याला आम्ही आठवड्याहून अधिक थांबवू शकत नव्हतो. तसे असेल तर ते लेखी कळवतील आणि मग तू त्या दिवशी ठरव. पण "आजच सांगा" असे तीन वेळा वेगवेगळ्या दिवशी म्हटले गेले, तर ती मुदत नव्हे. आणि फक्त पंचवीस मिनिटे सभ्यपणे मागितल्यामुळे कोणी प्रस्ताव काढून घेतलाच, तर तिथे रजा मागताना काय होईल, याचा विचार तू कर. इथे मी जरा पुढे गेलो. प्रस्ताव जाईल या भीतीचे दुःख तुला आहे, मला नाही, हे मला कळते. मी निवृत्त माणूस आहे, माझे काहीच पणाला लागलेले नाही. म्हणून माझ्या धिटाईला फार किंमत देऊ नकोस.

एका बाबतीत मात्र ऐकच: नेमणुकीचे पत्र हातात आल्याशिवाय आणि त्यात ठरलेले आकडे तपासल्याशिवाय इथला राजीनामा देऊ नकोस. तुझा नोटिशीचा काळ साठ दिवसांचा आहे. ते दिवस पत्र मिळाल्यावर मोजायला लाग आणि रुजू होण्याची तारीख त्या हिशेबाने कळव. वैशाखात आजीचे वर्षश्राद्ध आहे, तेव्हा चार दिवस मोकळे मिळतील का, हे त्याच बोलण्यात विचारून घेता येईल. मिळणार नसतील तरी हरकत नाही. तात्या काही बोलले तर मी बघून घेईन.

तुझ्या आईने आत्ता हे वाचले आणि म्हणाली, "तिला वेळ माग म्हणून सांगता, तुम्ही तिला गुरुवारी रात्री साडेदहाला फोन करून काय केलेत?" मला उत्तर सुचले नाही. तू जेवत होतीस असे नंतर कळले.

तेव्हा मीही रीतसर विचारतो. या प्रस्तावाविषयी तुझ्याशी पंचवीस मिनिटे बोलण्याची माझी इच्छा आहे. उद्या सकाळी अकरा, उद्या संध्याकाळी पाच किंवा उद्या रात्री नऊ यांपैकी तुझ्या सोयीची कोणतीही वेळ मला चालेल. एकही सोयीची नसल्यास तू सुचवावीस. विषय दोनच: मेलचा मसुदा, आणि वरच्या हिशेबात माझी काही चूक झाली आहे का. जाणार की नाही हे मी विचारणार नाही. फोन स्पीकरवर नसेल. बोलायचेच नसेल तर "नंतर" एवढा एक शब्द पाठव, त्याचे कारण लागणार नाही.

तोवर माझ्याकडून फोन येणार नाही. आईचा आला, तर तो माझ्या सांगण्यावरून नाही.

तुझे
बाबा